कॅलेंडरमागचा चौकोन आणि ओएलईडीचा पडदा

अण्णांच्या टीव्हीवर पहिल्यांदा शंका आली ती एका सिनेमातल्या आभाळामुळे. अण्णा म्हणजे माझे सासरे, मुक्काम सांगली. पडद्यावर निळंभोर आभाळ पसरलं आणि त्याच्या तळाशी एक आडवी, मळकट पट्टी दिसली, जणू कुणी ओल्या फडक्यानं अर्धवट पुसून ठेवलंय. उजव्या कोपऱ्यात वर एक गोलसर डाग. प्रसंग बदलला, गर्दीचा बाजार आला आणि दोन्ही गायब. पुन्हा मोकळं आकाश, पुन्हा पट्टी. अण्णा म्हणाले, "केबलवाल्याचा सिग्नल खराब आहे." सिग्नलचा काही संबंध नव्हता. ती पट्टी अण्णांच्या आवडत्या बातम्यांच्या चॅनेलची होती आणि तो गोल त्याच चॅनेलच्या बोधचिन्हाचा. चॅनेल बंद असतानाही पडद्यावर दोघांची सावली मुक्कामाला राहिली होती.

याला बर्न-इन म्हणतात. शब्द फसवा आहे, कारण जळत काहीच नाही. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांपासून तो चालत आला आहे. ओएलईडीत जे घडतं ते समजायला घरातली भिंत पुरे. दहा वर्षं एकाच खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर काढलं की मागे चौकोन दिसतो. भिंतीचा रंग दहा वर्षं उडतच होता, पण सगळीकडे सारखा उडत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आला नव्हता. लक्षात येतो तो फरक. ओएलईडीवर हेच उलट्या बाजूनं होतं. जिथे सतत उजेड पडतो ती जागा विटते आणि बाजूची जागा त्या मानानं ताजी राहते. संपूर्ण पडदा सारखा विटला तर आयुष्यभर कळणार नाही. एकच जागा विटली तर पहिल्या मोकळ्या आभाळात कळेल.

ही झीज होते कारण ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःचा दिवा आहे. साध्या एलसीडी टीव्हीत मागे दिव्यांची एक सामाईक रांग असते आणि पुढचे पिक्सेल फक्त पडद्यासारखे उघडझाप करतात. ओएलईडीत मागे दिवाच नाही. कार्बनी रेणूंचे अत्यंत पातळ थर असतात, त्यांतून वीज गेली की ते स्वतः उजळतात. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असा कमी विजेवर चालणारा दिवा करून दाखवला, तिथून हे तंत्र वाढलं. पिक्सेल विझवला की खरोखर अंधार होतो, म्हणून या टीव्हीतला काळा रंग इतका गडद दिसतो. पण जो दिवा जळतो तो झिजतो. जितकी वीज त्यातून गेली तितके ते रेणू मोडतात, आणि उष्णतेनं त्यात भर पडते. निळा प्रकाश देणारे रेणू सगळ्यांत लवकर थकतात, कारण निळ्या प्रकाशकणाची ऊर्जाच जास्त असते. ती रेणूतले बंध तोडायला पुरेशी ठरू शकते.

झीज उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. उजेड दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होईल असं वाटतं, प्रत्यक्षात ते साधारण एक तृतीयांशावर येतं आणि काही वेळा त्याहून खाली. म्हणजे पडदा झगझगीत ठेवून तीन तास बघणं आणि मध्यम उजेडात तीन तास बघणं यांचा जमाखर्च वेगवेगळा आहे.

हा हिशेब कुणीतरी प्रत्यक्ष मांडून पाहिला आहे. कॅनडातल्या 'आरटिंग्ज' या चाचणी करणाऱ्या संस्थेनं २०१८ साली एकाच मॉडेलचे सहा ५५ इंची ओएलईडी टीव्ही शेजारी-शेजारी लावले आणि रोज वीस तास चालवले. पाच तास चालू, एक तास बंद, असं दिवसातून चार वेळा. दोन टीव्हींवर सीएनएन हे वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण, एकावर भरपूर उजेडात आणि दुसऱ्यावर बेताच्या. बाकींवर फुटबॉलचे सामने, एक साधी मनोरंजन वाहिनी आणि दोन व्हिडिओ गेम. काही हजार तासांनंतर वृत्तवाहिनीच्या टीव्हींवर खुणा उमटल्या. जास्त उजेडाच्या टीव्हीवर त्या लवकर आणि ठळक आल्या. फिफा १८ या फुटबॉलच्या खेळाच्या टीव्हीवरही आल्या. दुसरा गेम होता 'कॉल ऑफ ड्यूटी'. त्यावर तितकेच तास भरूनही ठळक डाग दिसला नाही. सगळे टीव्ही सारखे, तास सारखे, फरक फक्त पडद्यावर एका जागी काय आणि किती उजेडात ठाण मांडून बसलं होतं याचा.

आता अण्णांचा हिशेब. सकाळी दोन तास, दुपारी जेवणानंतर एक, संध्याकाळी दोन. रोज पाच तास एकच चॅनेल. वर्षाचे १,८२५ तास, तीन वर्षांचे ५,४७५. चॅनेलची तळाची पट्टी लाल, अक्षरं पांढरी आणि पिवळी. टीव्ही दुकानातून आला तसा झगमगीत, `Vivid` या चित्रप्रकारात, उजेड शंभरावर. तुलनेसाठी आयपीएल घ्या. एका हंगामाचे ७४ सामने, प्रत्येकी साडेतीन तास धरले तरी २५९ तास होतात, आणि पुढच्या वर्षी धावफलकाची रचना बहुधा बदललेली असते. क्रिकेटमुळे टीव्ही खराब होईल म्हणून घाबरणाऱ्यांनी घाबरू नये. घातक आहे ते रोजचं, न बदलणारं, वर्षानुवर्षांचं.

लाल रंगाचं एक वेगळं दुखणं आहे. बहुतेक ओएलईडी टीव्हींत एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा आणि चौथा पांढरा असे चार छोटे भाग असतात. पडद्यावर पांढरं किंवा फिकट काही दाखवायचं असलं की पांढरा भाग बराचसा भार उचलतो. पण तळपता लाल दाखवायचा असला की पांढऱ्याला तिथे कामच नाही, लाल भागाला एकट्यालाच ओझं वाहावं लागतं. आपल्या वृत्तवाहिन्यांना लाल पट्टीची किती हौस आहे हे मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी मजकुराला तितकीशी लागू नाही, देवनागरीला आहे. पट्टीतला मजकूर उजवीकडून डावीकडे सरकत असतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण नीट बघा. अक्षरं सरकतात, शिरोरेषा मात्र त्याच आडव्या ओळीत राहते. एका शब्दाची शिरोरेषा गेली की त्याच उंचीवर पुढच्या शब्दाची येते, मध्ये फक्त दोन शब्दांमधली फट. त्या ओळीतल्या पिक्सेलांच्या दृष्टीनं काहीच हललेलं नाही, त्यांच्यावर तासन्तास पांढरी रेघ ओढलेलीच आहे. अण्णांच्या पडद्यावर आम्ही नंतर पूर्ण लाल रंग लावून पाहिला तेव्हा पट्टीच्या आत एक बारीक, जास्त विटलेली आडवी रेघ दिसली. ती शिरोरेषेची होती.

इथे पिक्सेल शिफ्टिंगचं काम सुरू होतं. टीव्ही दर काही मिनिटांनी सगळं चित्रच थोडंसं सरकवतो, कधी वर, कधी खाली, कधी बाजूला, आणि फिरत फिरत पुन्हा मूळ जागी आणतो. सरकणं इतकं थोडं असतं की दिसत नाही. ५५ इंची, चार-के टीव्हीच्या रुंदीत ३,८४० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. समजा टीव्ही एकूण दहा पिक्सेलांच्या पट्ट्यात चित्र वर-खाली करतो. हे झालं तीन मिलिमीटर. एलजीच्या टीव्हीत याला `Screen Move` किंवा जुन्या मॉडेलांत `Screen Shift` म्हणतात, सोनी आणि सॅमसंगमध्ये `Pixel Shift`.

या तीन मिलिमीटरांनी काय साधतं आणि काय साधत नाही, हे समजून घेतलं की अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे, कारण बहुतेकांचा इथेच गैरसमज असतो. दोन पिक्सेल जाडीची एक बारीक रेघ घ्या. ती दहा पिक्सेलांच्या पट्ट्यात फिरली तर एकेका पिक्सेलवर ती साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच वेळ येते. झीज पाच जणांत वाटली गेली, रेघेचा डाग पडायचा तो पडत नाही. घड्याळाचे आकडे, खिडक्यांच्या किनारी, शिरोरेषा, अशा सगळ्या सडपातळ गोष्टींना पिक्सेल शिफ्टिंगचा मोठा उपयोग आहे. आता अण्णांची पट्टी घ्या. पडद्याच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे २७० पिक्सेल उंच. ती दहा पिक्सेल वर-खाली झाली तरी मधले २६० पिक्सेल कायम पट्टीखालीच. त्यांना एका मिनिटाचीही सुट्टी नाही. फक्त वरची कडा तेवढी पुसट होते.

कॅलेंडर रोज एक बोटभर इकडे, एक बोटभर तिकडे टांगलं तर भिंतीवरचा चौकोन जाणार नाही, त्याच्या कडा मात्र मऊ होतील. त्याचाही फायदा आहे, हे मान्य करायला हवं. आपल्या डोळ्याला कडा चटकन दिसते, हळूहळू बदलणारा उजेड सहज दिसत नाही. तीच झीज धारदार कडेची असेल तर खुपते, विरलेल्या कडेची असेल तर पुष्कळदा नजरेतून सुटते. म्हणून पिक्सेल शिफ्टिंग चालूच ठेवावं. काही लोक मॉनिटरच्या एका कडेला दोन पिक्सेलांची काळी रेघ दिसते म्हणून वैतागून ते बंद करतात, तसं करू नये. पण ते चालू आहे म्हणून पट्टी आणि बोधचिन्ह यांच्यापासून सुरक्षित आहोत असं समजण्यात अर्थ नाही. रेघा आणि कडा यंत्र सांभाळतं, मोठी जागा आपल्यालाच सांभाळावी लागते.

टीव्हीकडे आणखी एक उपाय असतो आणि आपल्याकडच्या घराघरांत तो नकळत मारला जातो. टीव्ही रिमोटनं बंद केला की आपल्याला वाटतं तो झोपला. तो झोपत नाही. दिवसभरात एकूण चार तास चालला असेल तर बंद झाल्यावर, पडदा काळा ठेवूनच, तो प्रत्येक पिक्सेलची नाडी तपासतो. किती दाब दिला की किती वीज वाहते हे मोजतो आणि त्याप्रमाणे पुढच्या वेळी कुणाला किती द्यायचं ते ठरवतो. याला पाच ते दहा मिनिटं लागतात. एलजीच्या टीव्हीत साधारण २,००० तास भरले की तासाभराची मोठी तपासणी होते. तिला `Pixel Cleaning` असं नाव आहे, पूर्वी `Pixel Refresher` होतं, सोनीत `Panel refresh`. नावात साफसफाई असली तरी पुसलं काहीच जात नाही. थकलेल्या पिक्सेलला थोडी जास्त वीज देऊन बाकीच्यांच्या बरोबरीनं उजळायला लावलं जातं. मोडलेले रेणू परत येत नाहीत. ही उसनवारी आहे, आणि जास्त वीज म्हणजे पुढची झीजही जास्त.

हे सगळं होण्यासाठी टीव्हीला भिंतीतून वीज हवी. आणि आपण काय करतो? रात्री झोपताना भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद करतो. पिढ्यानपिढ्यांची ही सवय आहे आणि विजेच्या बचतीच्या चांगल्या हेतूनं आहे. अण्णांनी तीन वर्षं, एक रात्र न चुकता, रिमोट दाबल्यावर दुसऱ्याच मिनिटाला भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. म्हणजे रोजची तपासणी एकदाही पूर्ण झाली नसणार. बंद असलेला टीव्ही अर्धा वॉट किंवा त्याहूनही कमी वीज खातो. पूर्ण अर्धा वॉट, चोवीस तास, वर्षभर धरला तरी साडेचार युनिटांच्या आत. त्या साडेचार युनिटांपायी पडदा घालवणं मला फार जिवाला लागलं, कारण ते टाळणं सगळ्यांत सोपं होतं.

पावसाळ्यात विजा कडाडत असताना प्लग काढणं योग्यच आहे, त्यात तडजोड करू नये. बाकी रात्री टीव्ही बंद केल्यावर निदान पंधरा मिनिटं वीज चालू राहू द्यावी. कित्येक टीव्हींतून तपासणी संपल्यावर आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो, शांत खोलीत तो ऐकू येतो. ज्यांच्याकडे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत त्यांनी टीव्हीचा प्लग वेगळा करावा, म्हणजे बाकीचं बंद करताना तो चुकून बंद होत नाही.

सांगलीत आम्ही आधी डाग कायमचा आहे की तात्पुरता हे पाहिलं. ओएलईडीवर काही वेळ स्थिर चित्र राहिलं की एक क्षणिक सावली राहते, ती थोड्या वेळात किंवा एका तपासणीनंतर निघून जाते. ती बर्न-इन नव्हे. म्हणून आठवडाभर बातम्या बंद, रोज वेगवेगळे सिनेमे आणि रात्री वीज चालू. आठवड्यानंतर खोली अंधारी करून पडदाभर एकेक रंग लावला: राखाडी, लाल, हिरवा, निळा, पिवळा. असे साधे रंगपट यूट्यूबवर मिळतात. राखाडीवर पट्टी खूप कमी झाली होती. निळ्या-हिरव्यावर जवळजवळ नाही. लालवर मात्र पट्टी, तिच्यातली शिरोरेषेची रेघ आणि बोधचिन्हाचा गोल, तिन्ही स्पष्ट. म्हणजे काही भाग साचलेली सावली होती, ती गेली. लाल भागाची झीज खरी होती, ती राहिली. इथे एक सावधगिरी: अगदी गडद राखाडी रंगावर नव्या कोऱ्या पडद्यावरही फिकट उभे पट्टे दिसतात. ते कारखान्यातूनच आलेले असतात. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघू नका, तो साधा फरकही भडक करून दाखवतो.

मग मोठी तपासणी एकदाच हातानं चालवली. `Settings` मध्ये `General`, त्यात `OLED Care`, त्यात `OLED Panel Care` आणि शेवटी `Pixel Cleaning`, ही आमच्या टीव्हीची वाट. दुसऱ्या मॉडेलात थोडी वेगळी असू शकते. तासभर टीव्हीला हात लावायचा नाही. मध्येच पडद्यावर रेघ दिसली तर घाबरायचं नाही. लाल रंगावरचा डाग त्यानं थोडा फिका झाला, गेला नाही. काही जण दर महिन्याला ही तपासणी चालवतात, पडदा 'स्वच्छ' राहावा म्हणून. तसं अजिबात करू नये. सोनीनं आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की हे वर्षातून एकदाच्या वर करू नका, पडद्याच्या आयुष्यावर परिणाम होऊ शकतो, आणि खोलीचं तापमान १० ते ४० अंशांच्या मध्ये असावं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरात किंवा सांगलीत पत्र्याखालच्या खोलीत ही तपासणी सुरू करणं म्हणजे चुकीची वेळ साधणं.

झाली ती झीज परत येणार नव्हती. पुढची थांबवायची होती, आणि तिथे सवयींना पर्याय नव्हता. पहिला बदल उजेडाचा केला. `Vivid` काढून `Cinema` लावलं, आणि उजेड शंभरावरून पंचावन्नावर आणला. पहिले दोन दिवस अण्णांना टीव्ही पिवळट आणि मंद वाटला, तिसऱ्या दिवशी विषयच निघाला नाही. डोळा रुळतो. खिडकीतून उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती, म्हणूनच उजेड वाढवलेला होता, तिथे पडदा लावला. उन्हाची उष्णताही वाचली.

दुसरं, बोधचिन्हाचा उजेड आपोआप कमी करणारी सोय जास्तीत जास्तवर नेली. एलजी आणि सॅमसंगमध्ये ती `Adjust Logo Brightness` या नावानं सापडते. टीव्ही न हलणारा तेजस्वी ठिपका ओळखतो आणि तेवढी जागा मंद करतो. लहान बोधचिन्हावर ती चांगली चालते. रुंद पट्टीवर, जिच्यात मजकूर सतत बदलतो, ती पुष्कळदा गोंधळते, कारण यंत्राला ते हलतं चित्र वाटतं.

आणि तिसरं, जे खरोखर उपयोगी पडलं: बातम्या त्या टीव्हीवरून हलवल्या. माळ्यावर पडलेला जुना ३२ इंची एलसीडी टीव्ही खाली आणून अण्णांच्या खोलीत लावला. तिथे बातम्या, हॉलमध्ये सिनेमे, सामने, मालिका. ज्यांना दुसरा टीव्ही शक्य नाही त्यांनी एका चॅनेलला चिकटून न राहता वेगळ्या रचनेच्या चॅनेलांमध्ये फिरत राहावं, आणि बातम्या कानानं ऐकत स्वयंपाक करायचा असेल तर पडदा बंद करून फक्त आवाज ठेवावा. सोनीत ही सोय `Picture off` आहे, एलजीत `Screen Off`. आपल्याकडे सकाळी टीव्हीवर अभंग किंवा भक्तिगीतं लावायची पद्धत आहे. पडद्यावर विठ्ठलाचं एकच छायाचित्र तासभर असतं. देवळांचं थेट दर्शनही असंच, कॅमेरा एका जागी खिळलेला. गणपतीचे दहा दिवस रोज चार तास लावलं तर चाळीस तास होतात, तेवढ्यानं काही बिघडत नाही. वर्षभर रोज लावायचं असेल तर मात्र आवाज पुरे.

कॉम्प्युटरच्या ओएलईडी मॉनिटरची गोष्ट याहून कडक आहे, कारण तिथे चित्र हलतच नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं गेल्या वर्षी २७ इंची मॉनिटर घेतला. दिवसा कोड, रात्री गेम. विंडोज ११ चा टास्कबार ४८ पिक्सेल उंच असतो. पिक्सेल शिफ्टिंग आठ-दहा पिक्सेलांचं असलं तरी त्यातले जवळपास चाळीस पिक्सेल रोज आठ तास तसेच. हा अण्णांच्या पट्टीचाच धाकटा भाऊ. उपाय एका मिनिटाचा: `Settings`, `Personalization`, `Taskbar`, `Taskbar behaviors` आणि तिथे `Automatically hide the taskbar`. मॅकवर डॉक आणि वरची पट्टी तशीच लपवता येते. पडदा पाच मिनिटांत आपोआप विझेल अशी वेळ लावायची, डेस्कटॉपची पार्श्वभूमी काळी किंवा बदलती ठेवायची.

पुतण्यानं एक चूक केली होती जी मला आधी चूक वाटलीच नाही. त्यानं सगळीकडे काळी पार्श्वभूमी लावली होती, पण उजव्या अर्ध्या भागात कागदपत्रं वाचायची पांढरी खिडकी असायची. रोज, नेमकी मध्यावर विभागलेली. उजवा भाग झिजत होता, डावा आराम करत होता, आणि मधोमध सीमारेषा तयार होत होती. 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या ऑस्ट्रेलियन चाचणीकारांनी आपला मॉनिटर मुद्दाम कोणतीही काळजी न घेता कार्यालयीन कामाला जुंपला, तेव्हा त्यांच्याही पडद्यावर दोन खिडक्यांच्या सांध्यापाशी अशीच हलकी उभी रेघ उमटली. पुन्हा तेच, डोळ्याला झीज दिसत नाही, फरक दिसतो. आता पुतण्या दर आठवड्याला खिडक्यांच्या बाजू बदलतो आणि दुभागणी कधी चाळीस-साठ, कधी साठ-चाळीस ठेवतो. एचडीआर त्यानं फक्त खेळापुरतं राखून ठेवलं आहे, `Win + Alt + B` दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद.

मॉनिटरही चार तासांनी तपासणीची आठवण करून देतो. मीटिंग चालू असताना ती सूचना येते आणि लोक 'नंतर' म्हणून ती सारखी ढकलतात. ढकलायला हरकत नाही, जेवणाच्या सुट्टीत मात्र ती होऊ द्यावी. आणि मॉनिटरवर डाग दिसला की आधी स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर बघावा. तिथेही दिसला तर दोष सॉफ्टवेअरचा, तिथे दिसला नाही तर पडद्याचा.

विकत घेताना वॉरंटीचा कागद शेवटपर्यंत वाचा. कित्येक कागदांत स्थिर चित्रामुळे पडलेला डाग वगळलेला असतो. उलट काही मॉनिटर कंपन्या तीन वर्षांपर्यंत बर्न-इनची जबाबदारी लेखी घेतात. त्या कंपन्यांच्या अटींत तपासणी वेळेवर झालेली असावी असं असू शकतं, म्हणून ती टाळल्याची नोंद आपल्याच विरुद्ध जाऊ नये.

सांगलीच्या हॉलमध्ये आता टीव्हीच्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर अण्णांच्या ठळक अक्षरात लिहिलंय: 'बंद करू नये, टीव्ही काम करतो आहे.' लाल रंगावरचा तो डाग अजून आहे. गेल्या दिवाळीत रंगपट लावून पाहिला, तेव्हा वर्षभरापूर्वीच्या फोटोशी ताडून बघता तो वाढलेला नव्हता. त्या संध्याकाळी सिनेमा संपला, अण्णांनी रिमोट दाबला आणि बसूनच राहिले. मी विचारलं, "अण्णा, झोपायचं नाही का?" त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. सातेक मिनिटांनी टीव्हीतून 'टक्' आवाज आला, तेव्हा ते उठले.